अध्यापकपदाच्या अर्जातील विविधता व समावेशन निवेदन : केलेली कामे कशी मांडावीत?

खाडीकाठ

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवरचे जीव हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका विद्यापीठात सहायक प्राध्यापकपदाची जाहिरात निघाली असून मी अर्ज करत आहे. संशोधन आणि अध्यापन यांवरील निवेदनांखेरीज तेथे आणखी एक निवेदन मागितले आहे. समता, विविधता व समावेशन यांसाठी अर्जदाराने आजवर काय केले आणि नेमणूक झाल्यास काय करणार, हे जास्तीत जास्त दोन पानांत लिहायचे आहे. अर्ज अर्थातच इंग्रजीत जाईल, परंतु विचार मराठीत चालू असल्यामुळे मसुद्याचा आरंभ येथे देते.

"शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे, यावर माझा दृढ विश्वास आहे. जात, धर्म, लिंग, भाषा वा आर्थिक स्थिती यांवरून मी माझ्या वर्गात कधीही भेद केलेला नाही. ग्रामीण विद्यार्थ्यांना पुढे आणण्यासाठी मी सदैव प्रयत्नशील राहिले आहे."

यांतील एकही वाक्य खोटे नाही, पण याखाली कोणाचीही सही चालेल, ही माझी अडचण आहे. ज्यांनी असे निवेदन लिहिले अथवा तपासले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पायरीचा_आंबा

ताई, जात वैधता प्रमाणपत्राची प्रत साक्षांकित करून जोडावी लागेल का, याची आधी चौकशी करा. आमच्या संस्थेत बिंदुनामावली मंजूर होण्यातच तीन शैक्षणिक वर्षे गेली आणि तोवर जागाच गोठवली गेली. नॉन-क्रीमिलेअरची मुदतही तपासून घ्या.

खाडीकाठ

दादा, हे आरक्षणाच्या जागेसाठीचे कागदपत्र नव्हे. अर्जदार कोणत्या गटातील आहे हे येथे विचारलेले नाही. त्याने वर्गात आणि विभागात कोणते काम केले, एवढेच विचारले आहे.

पायरीचा_आंबा

असे आहे होय! म्हणजे प्रमाणपत्राऐवजी निबंध. आमच्या वेळी यांतले एकच मागत असत, हे बरे होते.

उत्तररात्र

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. बरीच वर्षे अमेरिकेत शिकवतो आणि निवड समित्यांवर बसून अशी निवेदने वाचली आहेत. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ती वाचली कशी जातात, हे आधी ध्यानात घ्यावे. अनेक समित्यांकडे गुणांकनाचा तक्ता असतो. त्यांतला बर्कलीचा तक्ता जाहीर होता आणि पुष्कळ ठिकाणी त्याचेच रूप थोडेफार बदलून वापरले गेले. त्यात ज्ञान, आजवरचे काम आणि पुढील योजना अशा तीन बाबींना एक ते पाच गुण होते. "मी सर्वांना समान वागवतो" एवढेच सांगणारे निवेदन त्या तक्त्यात तळाच्या गुणांचे उदाहरण म्हणून दिलेले होते. वाचणाऱ्याला समानता नकोशी असते असा याचा अर्थ नव्हे. समोरची मुले वेगवेगळ्या परिस्थितीतून येतात हे लिहिणाऱ्याने पाहिलेच नाही, असे त्या वाक्यावरून दिसते, म्हणून गुण कमी. तुमच्या मसुद्यातील दुसरे वाक्य नेमके तेच आहे. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणे, शंका सोडवणे ही तर अध्यापकाच्या नोकरीचीच कामे होत, त्यामुळे तीही या खात्यात फारशी जमा होत नाहीत.

तेव्हा मूल्ये तूर्त बाजूला ठेवा आणि एकच प्रसंग निवडा. तुमच्या विषयात, तुमच्या महाविद्यालयात, कोणत्या ठिकाणी कोण मागे पडत होते, हे तुम्हाला कशावरून कळले? मग तुम्ही कोणती व्यवस्था बदलली, ती बदलताना काय गमवावे लागले, आणि तुम्ही रजेवर गेलात तर ती चालू राहील का? या प्रश्नांची उत्तरे येथेच लिहा, इंग्रजीचे पुढे पाहू.

कातळशिल्प

माझे मत थोडे वेगळे आहे. अमेरिकेत हा सगळा प्रकार आता बंद झाला आहे, त्यामुळे त्यावर डोके शिणवण्यात अर्थ नाही. लिहायचेच असेल तर आकडे हवेत. उपस्थिती अमुक टक्क्यांनी वाढली, निकाल तमुक टक्क्यांनी सुधारला, असे लिहिल्याशिवाय कोणतीही समिती दखल घेत नाही.

उत्तररात्र

कातळशिल्प, अर्धी गोष्ट खरी आहे. एमआयटीने मे 2024 मध्ये ही निवेदने मागणे थांबवले. हार्वर्डच्या कला व विज्ञान विद्याशाखेने त्याच वर्षी जूनमध्ये ती अट काढली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने मार्च 2025 मध्ये स्वतंत्र निवेदनाची सक्ती बंद केली, म्हणजे ज्या बर्कलीचा तक्ता मी वर सांगितला तेथेही ती आता नाही. टेक्सासमध्ये तर 2024 च्या जानेवारीपासून सार्वजनिक विद्यापीठांना कायद्यानेच बंदी आहे. परंतु ताईंचा अर्ज कॅनडात आहे आणि जाहिरातीत निवेदन स्पष्टपणे मागितले आहे. अमेरिकेतही हार्वर्डने त्या जागी अध्यापन व मार्गदर्शन यांवरील आणि सेवाकार्यावरील निवेदन मागायला सुरुवात केली. केलेले काम नेमकेपणाने लिहिलेले असेल, तर तोच परिच्छेद तेथेही उपयोगी पडतो. निव्वळ मूल्यांचा परिच्छेद मात्र कोठेच हलवता येत नाही.

आकड्यांविषयी इतकेच सांगतो की वीस-बावीस मुलांच्या बॅचमध्ये टक्केवारी लिहिणे फसवे ठरते. दोन मुले जास्त आली की नऊ टक्के वाढ दिसते. अशा वेळी सरळ संख्या लिहावी.

खाडीकाठ

उत्तररात्र सर, आभारी आहे. आपल्या प्रश्नांवरून एक गोष्ट आठवली, पण ती या निवेदनात बसेल असे मला कधी वाटलेच नव्हते.

आमच्या अभ्यासक्रमात खडकाळ किनाऱ्यावरचे प्रात्यक्षिक आहे. चौकट टाकून आतले कालव, शिंपले, बार्नेकल मोजायचे असतात. त्यासाठी मोठी ओहोटी लागते, म्हणून परंपरेने ते अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ठेवले जाई. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी पाच-साडेपाचला येते. पहाटे वसतिगृहाबाहेरचे कोणी पोहोचू शकत नाही, म्हणून संध्याकाळची वेळ धरत. काम आटोपून वर येईपर्यंत सात वाजत आणि आतल्या गावांच्या शेवटच्या एस.टी. तोवर सुटलेल्या असत. बावीसच्या बॅचमध्ये आठ-नऊ जण गैरहजर राहत आणि त्यांना किनाऱ्याची आवड नाही, असा विभागात समज होता. मी जुने हजेरीपट काढून गैरहजर मुलांच्या नावांपुढे त्यांचे गाव लिहिले, तेव्हा जवळजवळ सगळी नावे तीनच एस.टी. मार्गांवरची निघाली आणि त्यांत बहुतेक मुली होत्या. प्रयोगशाळेतील हजेरी त्याच मुलांची पूर्ण होती.

मग आम्ही तारखा वेळापत्रकाऐवजी तिथीवरून ठरवू लागलो. तृतीया-चतुर्थीला सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान ओहोटी मिळते आणि तोवर सकाळच्या गाड्या आलेल्या असतात. नंतरच्या वर्षांत एका बॅचमागे गैरहजर राहणारे एक-दोनच उरले.

गुहागरी_वारा

तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे आमचे आजोबा बोटांवर सांगत. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती आणि नऊला ओहोटी. ज्या विभागाला हे ठाऊक नव्हते त्याने प्राणिशास्त्र शिकवावे, याचे नवल वाटते.

खाडीकाठ

ठाऊक सर्वांना होते. प्रात्यक्षिकाचे वेळापत्रक मात्र दुपारनंतरच्या तासिकांना बांधलेले होते आणि सकाळच्या तासिका सोडायला इतर विषयांचे शिक्षक तयार नव्हते. ती अदलाबदल करून घेण्यातच एक सत्र गेले.

उत्तररात्र

ताई, हेच तुमचे निवेदन आहे आणि त्यातला सर्वांत मोलाचा भाग तुम्ही आता गुहागरी वाऱ्याला उत्तर देताना जाता जाता सांगितलात. किनारा आणि तिथी यांनी वाचणाऱ्याचे कुतूहल जागे होईल. पण हजेरीपटावरून कारण शोधणे आणि इतर शिक्षकांशी बोलून तासिका बदलून घेणे या दोन कृतींतून तुम्ही त्यांच्या विभागात कशा वागाल हे दिसते.

एक प्रश्न उरतो. चतुर्थीची ओहोटी अमावास्येइतकी खाली जात नाही. मग खालच्या पट्ट्यातले जीव मुलांना दिसले कसे?

खाडीकाठ

पूर्णपणे दिसले नाहीत. वरचा आणि मधला पट्टा नीट होतो. अगदी खालचा पट्टा, जेथे मोठी समुद्रशैवाले आणि स्पंज मिळतात, तो पुरेसा उघडा पडत नाही. त्यासाठी अमावास्येच्या पहाटेची एक ऐच्छिक फेरी ठेवली. तिला गुण ठेवले नाहीत, कारण गुण ठेवले असते तर जुनाच अन्याय मागच्या दाराने परत आला असता. त्या फेरीतील छायाचित्रे आणि मोजणीची आकडेवारी सर्व बॅचला विश्लेषणासाठी दिली जाते. तरीही खालचा पट्टा स्वतः न पाहता काही मुले पदवीधर होतात, हे खरे आहे.

कातळशिल्प

हे शेवटचे वाक्य कृपया अर्जात लिहू नका. स्वतःच्या योजनेतील उणीव कोणी अर्जात सांगते का?

उत्तररात्र

मी तर ते अवश्य लिहा असे सांगेन, मात्र एकाच वाक्यात. समितीत सागरी जीवशास्त्र जाणणारा एखादा तरी असेल आणि त्याच्या मनात हाच प्रश्न येणार. उत्तर आधीच दिलेले असले की ही हकिगत खरी आहे, अशी त्याची खात्री पटते.

माडावरचा

सर्वांना नमस्कार. माझा आक्षेप मूळ प्रकारावरच आहे, क्षमस्व. ज्याला लिहिता येते त्याला गुण आणि जो निमूटपणे मुलांना आपल्या दुचाकीवरून बसथांब्यावर सोडतो त्याला शून्य, असा हा न्याय आहे. शिवाय उमेदवाराने विशिष्ट विचारांना मान डोलावावी, अशी अपेक्षा त्यामागे असते. अमेरिकेत यावर "सक्तीचे वक्तव्य" अशी टीका झाली, ती उगाच नव्हे. मी अशा समितीपुढे अर्जच करणार नाही.

उत्तररात्र

आपल्या आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. लिहिण्याचे कौशल्य येथे अवाजवी महत्त्वाचे ठरते. दुसऱ्या भागाबाबत माझा अनुभव असा की निवेदन जितके मूल्यांच्या भाषेत असेल, तितकी वाचणाऱ्याला त्यात आपले विचार शोधायची संधी मिळते. एस.टी.च्या वेळेवर प्रात्यक्षिक नेण्यासाठी कोणत्याही विचारसरणीची दीक्षा घ्यावी लागत नाही. मात्र काही समित्या मान डोलावण्याचीच अपेक्षा करतात, हे मी नाकारणार नाही.

माडावरचा

म्हणजे आपण निम्मे माझ्याच बाजूचे आहात. एवढे पुरे.

सडा_आणि_सावली

मी कुबड्या घेऊन चालते आणि प्राणिशास्त्राचीच पदवीधर आहे, म्हणून लिहिणे भाग आहे. माझ्या वेळी किनाऱ्यावरच्या प्रात्यक्षिकातून मला "सूट" देण्यात आली. ती मी मागितली नव्हती. शेवाळलेल्या खडकावर कुबडी टिकत नाही हे खरे, पण वाळूच्या कडेला टेबल लावून नमुने ओळखण्याचे आणि नोंदींचे काम मला करता आले असते. खाडीकाठ ताई, आपल्या बदलाने गाड्यांचा प्रश्न सुटला, परंतु किनाऱ्यावर उतरू न शकणाऱ्या मुलांचे काय?

दुसरी विनंती अशी की निवेदनात एखाद्या विद्यार्थ्याची कहाणी घालू नये. "एका अपंग विद्यार्थिनीला मी किनारा दाखवला" असे वाक्य मी कोणाच्या तरी अर्जात वाचले आहे. बावीसच्या बॅचमध्ये ती विद्यार्थिनी कोण, हे गावभर ठाऊक असते, आणि अर्ज परदेशात गेला म्हणून तिची संमती घेण्याचे कर्तव्य संपत नाही.

खाडीकाठ

ताई, आपला प्रश्न रास्त आहे. माझ्या बॅचमध्ये असे कोणी आले नाही, आणि कदाचित प्रात्यक्षिकाचे स्वरूप ऐकूनच कोणी हा विषय घेतला नसेल. जे केले नाही ते केले म्हणून लिहिणार नाही. टेबलाची कल्पना मात्र आपली परवानगी असेल तर पुढील योजनेत घेते, आणि ती मला माझ्याच विषयाच्या एका पदवीधराने सुचवली, असे लिहिते.

सडा_आणि_सावली

परवानगी आहे. टेबलावरच्या कामाला चौकटीच्या कामाइतकेच गुण असतील, हेही लिहा. नाहीतर ते टेबल म्हणजे पुन्हा सूटच.

खाडीकाठ

वरील सर्व चर्चेनंतर पहिला परिच्छेद असा झाला आहे.

"माझ्या महाविद्यालयात खडकाळ किनाऱ्यावरील प्रात्यक्षिक मोठ्या ओहोटीला, म्हणजे संध्याकाळी होत असे. बावीस विद्यार्थ्यांच्या गटात आठ-नऊ जण अनुपस्थित राहत. हजेरीपटातील नावांपुढे गावे लिहिल्यावर असे दिसले की अनुपस्थित विद्यार्थी बहुतांशी तीन बसमार्गांवरील मुली आहेत, त्यांची शेवटची बस प्रात्यक्षिक संपण्यापूर्वी सुटते आणि प्रयोगशाळेत त्याच विद्यार्थिनी नियमित असतात. दोन सहकाऱ्यांबरोबर मी सकाळच्या तासिकांची अदलाबदल करून घेतली आणि प्रात्यक्षिक मध्यम ओहोटीच्या सकाळी नेले. त्यानंतर प्रत्येक गटात एक-दोनच विद्यार्थी अनुपस्थित राहिले. किनाऱ्याचा सर्वांत खालचा पट्टा या वेळी उघडा पडत नाही. त्यासाठी गुण नसलेली ऐच्छिक फेरी ठेवली असून तिची आकडेवारी सर्वांना दिली जाते. तिथीवरून तारखा काढण्याची पद्धत विभागाच्या वार्षिक नियोजनात लिहिलेली असल्यामुळे ती माझ्यावर अवलंबून नाही."

आता पुढील योजनेचे काय? तेथेही सकाळच्या ओहोटीला प्रात्यक्षिक नेईन, असे लिहू का?

उत्तररात्र

परिच्छेद उत्तम झाला आहे. आधीच्या मसुद्यातील "ग्रामीण विद्यार्थ्यांना पुढे आणण्यासाठी" गेले, हेही चांगले झाले, कारण त्या शब्दांत शिक्षक तारणहार आणि मुले बिचारी ठरतात. योजनेत मात्र ही व्यवस्था तशीच्या तशी नेऊ नका. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यातील मोठ्या ओहोट्या दिवसा येतात आणि हिवाळ्यातील रात्री. त्यांची सत्रे सप्टेंबर ते एप्रिल चालतात, म्हणजे शिकवण्याच्या बऱ्याच काळात मोठी ओहोटी अंधारातच मिळते. सकाळच्या ओहोटीचे आश्वासन वाचून तेथील माणूस ओळखेल की अर्जदाराने आमचे भरतीपत्रक उघडूनही पाहिलेले नाही.

योजना अशी लिहावी की पहिल्या सत्रात क्षेत्रकार्याची हजेरी, प्रवासाचे साधन आणि नोकरीच्या वेळा यांची निनावी पाहणी करीन, कारण तेथे अडथळा बसचा नसून संध्याकाळच्या नोकरीचा किंवा जलरोधक बुटांच्या किमतीचा असू शकतो. त्यानंतर काय बदलता येईल याचे दोन पर्याय द्या. टेबलाचे काम त्यांच्या विद्यापीठातील सुगम्यता कार्यालयाबरोबर आखीन, असे लिहा आणि त्या कार्यालयाचे नेमके नाव संकेतस्थळावरून घ्या.

गुहागरी_वारा

हिवाळ्यात रात्री, पाण्यात आणि तेही कॅनडात? ताई, आपली मुले एस.टी. चुकली तरी सुखी होती.

कातळशिल्प

एक शंका आहे. खाडीकाठ ताईंनी आपण स्वतः कोणत्या समाजातून आलो, पहिल्या पिढीतील शिकलेल्या आहोत का, हे लिहायला नको का? त्याने निवेदनाला वजन येईल.

उत्तररात्र

कॅनडात स्वतःची ओळख नोंदवण्याचा अर्ज सहसा वेगळा आणि ऐच्छिक असतो. तेथील रोजगार समता कायद्यात स्त्रिया, आदिवासी, अपंग व्यक्ती आणि दृश्य अल्पसंख्याक असे चार गट नमूद आहेत. जी माहिती तेथे देता येते ती निवेदनात दिलीच पाहिजे असे नाही. स्वतःच्या अनुभवामुळे एखादा अडथळा लवकर दिसला असेल, तर एक ओळ लिहावी. निव्वळ ओळख म्हणजे काम नव्हे.

सडा_आणि_सावली

येथे मी सहमत नाही. माझ्यासारखी व्यक्ती अर्ज करते तेव्हा तिचे तेथवर पोहोचणे हेच अनेक वर्षांचे काम असते, आणि ते तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. ते लिहायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण ते काम नव्हे असे म्हणू नये.

उत्तररात्र

मान्य. मी तक्त्याच्या दृष्टीने बोललो आणि तो तक्ता अपुरा आहे.

खाडीकाठ

मी स्वतःविषयी एकच ओळ ठेवते. पदवीच्या वर्गात असताना मीही त्या तीन मार्गांपैकी एका मार्गाच्या गाडीने येत असे, म्हणून गावांची नावे लिहून पाहण्याचे सुचले. बाकी ओळख स्वतंत्र अर्जात देईन. जात आणि बोली यांविषयीचा माझा दुसरा परिच्छेद अजून कच्चा आहे. प्रात्यक्षिकाच्या सूचना मराठीत आणि इंग्रजीत शेजारी शेजारी छापल्या, एवढेच त्यात आहे, आणि त्यामुळे काय बदलले हे मी मोजलेले नाही.

उत्तररात्र

मोजले नसेल तर परिणामाचा दावा करू नका. केले काय आणि का, एवढ्या दोन वाक्यांत तो परिच्छेद संपवा. जुन्या आणि नव्या बॅचच्या प्रात्यक्षिक वह्या विभागात जपलेल्या असतील तर अर्जाच्या मुदतीपूर्वी चाळून पाहा. कृतीच्या रकान्यात कोरी जागा किती सुटत होती आणि आता किती सुटते, हे त्यांवरून कळू शकेल.

खाडीकाठ

वह्या विद्यापीठाच्या नियमानुसार विद्यार्थ्यांना परत दिल्या जातात. दोघी-तिघी माजी विद्यार्थिनींकडे मिळतात का, हे उद्या विचारते.

पायरीचा_आंबा

मिळाल्या तर साक्षांकित करून घ्या.